निरोपातले नंबर, पत्ते आणि वेळा : सांगलीतल्या पंप-दुरुस्ती दुकानासाठीच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

सांगलीत शेतीपंप आणि सबमर्सिबल मोटारी दुरुस्त करणारं एक दुकान आहे. संध्याकाळी शटर खाली आलं की दुकानाचा फोन यंत्रावर जातो आणि समोरचा माणूस बीपनंतर निरोप ठेवतो. थ्री फेज लाईट रात्रीची असली की मोटार रात्रीच बंद पडते, त्यामुळे बरेच निरोप दहानंतरचे असतात. फेब्रुवारीपासून ऊन वाढत जातं, उसाच्या पाण्याच्या पाळ्या जवळ येतात आणि निरोपही वाढतात.

फोनची सेवा प्रत्येक निरोपाचा मजकूर करून देते. तो मजकूर फारच विस्कटलेला असतो. सकाळी दुकानाचं काम बघणाऱ्या वहिनी तो वाचतात, नंबर, पत्ता आणि वेळ वहीत उतरवतात आणि फिटरला पाठवतात. दुकानमालक अण्णांचं म्हणणं एवढंच, की फिटर चुकीच्या गावाला गेला तर अर्धा दिवस जातो आणि ज्याचं पीक वाळतंय तो तिकडे वाट बघत बसतो. मला लिहायचा आहे तो प्रोग्रॅम मजकुरातून या तीन गोष्टी काढेल. त्याचं दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं : यातलं नक्की काय आहे आणि परत फोन करून काय विचारायला हवं, हे त्यानं सांगायचं.

तपासायला जुने निरोप मिळाले, सोबत त्या कामांची जॉब कार्डंही. कार्डावर खरा नंबर, खरं गाव आणि फिटर पोचल्याची वेळ आहे, म्हणजे प्रोग्रॅमचं उत्तर कशाशी ताडायचं हा प्रश्न सुटला. निरोप लोकांचे खासगी आहेत. म्हणून या नोंदींत नंबरांचे काही आकडे झाकूनच लिहीन.

५ फेब्रुवारी, बुधवार

नंबरांपासून सुरुवात. मोबाईल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारा. सांगली-मिरजेची लँडलाईन असेल तर ०२३३ आणि पुढे सात आकडे. हे नियम सोपे. अवघड आहे ते लोकांचं सांगणं. एकाच नंबरात "नऊ आठ" असं सुटं येतं, मग "बावीस" अशी जोडी, मग "डबल फोर", मग "तीनशे बारा". म्हणजे आधी सगळं आकड्यांत आणायला हवं.

सेवेत एक सोय सापडली. आपणहून आकडे घालू नका, शब्दच ठेवा, असं तिला सांगता येतं. ती लगेच चालू केली. "९८" असं आयतं लिहून आलं की माणूस "अठ्ठ्याण्णव" म्हणाला, "नऊ आठ" म्हणाला की "नाईन एट", हे कळायचा मार्गच बंद होतो. कुठला शब्द कशाच्या जागी ऐकला गेला असेल, याचा अंदाज फक्त शब्दावरूनच बांधता येतो.

मराठीत एक ते नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याला स्वतंत्र शब्द आहे, याचा इथे मोठा फायदा होतो. इंग्रजीत कुणी "ट्वेंटी थ्री" म्हटलं तर ते २३ की २०-३, हा घोळ असतो. मराठीत "वीस तीन" म्हणजे २०३ आणि २३ हवा असेल तर तो माणूस "तेवीस" म्हणेल. जोड्या कुठे तोडायच्या हा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ उरत नाही.

उरतो तो स्पेलिंगचा. अठ्ठ्याण्णव, अठ्याण्णव, अठ्ठ्यान्नव, अठ्ठाण्णव अशी सगळी रूपं मजकुरात येतात. ऱ हे अक्षरही संगणकात दोन प्रकारे साठवलेलं असू शकतं, त्यामुळे डोळ्यांना सारखा दिसणारा "चौऱ्याऐंशी" प्रोग्रॅमला दोन वेगळे शब्द वाटतात. त्यावर हा तुकडा लिहिला :

```python
import re, unicodedata

def saadha(w):
    w = unicodedata.normalize("NFC", w)
    w = re.sub("[\u200c\u200d]", "", w)
    w = w.replace("ण", "न")
    w = re.sub(r"(.)\u094d\1", r"\1", w)
    return w.replace("\u094d\u092f", "")
```

ण चा न होतो, जोडाक्षरातलं द्वित्त जातं, जोडलेला य जातो. वरची चारही रूपं "अठानव" होतात. शून्य ते नव्व्याण्णवची यादी याच रूपात ठेवली आणि शोध तिच्यात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कालची यादी छापून समोर ठेवली, तेव्हा खरी अडचण डोळ्यांसमोर आली. पंचाण्णव झाला "पंचानव" आणि पंचावन्न झाला "पंचावन". सत्त्याण्णव "सतानव", सत्तावन्न "सतावन". अठ्ठ्याण्णव "अठानव", अठ्ठावन्न "अठावन". ९५ आणि ५५, ९७ आणि ५७, ९८ आणि ५८ : प्रत्येक जोडीत फरक फक्त शेवटच्या न आणि व च्या क्रमाचा. विहिरीवर वारा असेल, मागे इंजिन चालू असेल, तर मजकूर करणारं मशीन सोडाच, माणसाचा कानही इथे फसतो. दुसरं कुटुंब एकोण-वाल्यांचं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांचं "एकोणस" पर्यंत सगळं सारखं. शेवट गिळला की ५९ आणि ६९ वेगळे राहत नाहीत.

जॉब कार्डांशी ताडल्यावर चुकलेले बहुतेक नंबर याच जोड्यांत निघाले. म्हणून अशा जोड्यांची वेगळी यादी केली. नंबरात यातला शब्द आला की प्रोग्रॅम दोन्ही शक्यता लिहून ठेवतो.

कधी जागेवरूनच उत्तर मिळतं. नंबरच्या सुरुवातीला "सत्तावन्न" आलं तर ते ५७ असू शकत नाही, कारण ५ ने मोबाईल नंबर सुरू होत नाही. तिथे ९७ च. मधल्या जागी मात्र काहीच आधार नाही. आधार क्रमांकाचा शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून गणित करून काढलेला असतो, त्यामुळे एक आकडा चुकला तर ते गणित जुळत नाही. मोबाईल नंबरात तशी सोय नाही. एक आकडा चुकलेला नंबरही पूर्ण वैध दिसतो आणि अनेकदा दुसऱ्याच कुणाच्या तरी खिशात वाजतो.

मशीन प्रत्येक शब्दापुढे स्वतःच्या खात्रीचा आकडा देतं. त्यावर विसंबावं असं आधी वाटलं होतं. कार्डांशी ताडलं तर चुकीच्या "पंचावन्न"पुढेही खात्री भरपूर आढळली. खात्री कमी असेल तर शंका घ्यायला तो आकडा कामाचा आहे. खात्री जास्त आहे म्हणून शंका सोडून द्यावी, असा तो नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

ज्या नंबरावरून फोन आला तो यंत्रात आपोआप नोंदला जातो. तो कुणी उच्चारलेला नसतो, त्यामुळे त्यात ऐकण्याची चूक नाही. बोललेला नंबर त्याच्याशी ताडायचा. दोन्ही सारखे असतील तर प्रश्न मिटला. पूर्ण वेगळे असतील तर बोललेला नंबर दुसऱ्या कुणाचा आहे : मुलाचा, शेतावरच्या गड्याचा, भावाचा. तेव्हा शंका विचारायला आलेल्या नंबरावर फोन करायचा.

अडचण तेव्हा, जेव्हा दोन नंबरांत एकाच ठिकाणी फरक असतो. मी लिहून ठेवलं होतं की अशा वेळी आलेला नंबर खरा धरावा. वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडं घरातली सिम कार्डं एकदमच घेतात. नवरा-बायकोचे नंबर पाठोपाठचे असतात, शेवटचा आकडा तेवढा वेगळा." त्यांचं बरोबर आहे. नियम बदलला : फरक घोळाच्या जोडीतला असेल (५५ आणि ९५, ५९ आणि ६९) तर ती ऐकण्याची चूक समजून आलेला नंबर घ्यायचा. फरक नुसता शेवटच्या आकड्याचा असेल, तर दोन्ही ठेवून विचारायचं.

"डबल"चंही इथेच लिहून ठेवतो. "डबल फोर"मधला "डबल" गळाला की नंबर नऊ आकडी होतो. नऊ आकडी नंबर दिसला की प्रोग्रॅमला कुठलाही आकडा दुप्पट करून दहा भरता येतील. तसं अजिबात करायचं नाही. कमी भरलेला नंबर अपुराच दाखवायचा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पत्ते. शहरातले पत्ते त्या मानानं सोपे, कारण विश्रामबाग, गावभाग, हरभट रोड ही नावं मशीन नीट लिहितं. फक्त "शंभर फुटी रोड"मधले शंभर नंबरात घुसत होते, तेवढे बाहेर काढले.

शेतावरच्या पत्त्याला घर क्रमांक नसतो. "कॅनॉलच्या कडेनं या, टाकीपासनं डावीकडं, माळी मळा" हाच पत्ता. आणि मशीन मळ्याचा "मला" करतं, वस्तीची "वस्तू". आडनावापुढे किंवा जातिवाचक नावापुढे "मला" आला आणि पुढे क्रियापद जुळत नसेल, तर तो मळा. हा अंदाज चांगला चालतो. चुकला तरी नुकसान थोडं, कारण मळा गावात पोचल्यावर विचारता येतो.

गाव चुकलं तर मात्र दिवस गेला. गावांची यादी तालुक्यासह केली आणि मजकुरातलं नाव तिच्याशी ताडायला लागलो. सगळ्यात जास्त त्रास "कवठे" देतं. कवठेमहांकाळ मिरजेहून पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ते स्वतःच तालुक्याचं गाव. कवठेएकंद तासगाव रस्त्याला, तासगाव तालुक्यात. कवठेपिरान सांगलीच्या पश्चिमेला, मिरज तालुक्यात. तिघं तीन दिशांना. आणि गावचा माणूस बोलताना स्वतःच्या गावाला नुसतं "कवठे" म्हणतो, कारण त्याच्यासाठी कवठे एकच आहे.

मजकुरात "एकंद"चं "एकंदर" होतं, "पिरान"चं "पुराण". हे शब्द कवठेच्या आसपास दिसले तर दुसऱ्या भागाचा पुरावा म्हणून धरायचे, पण तेवढ्यावर गाव पक्कं करायचं नाही. "एकंदर" हा शब्द माणूस खरोखरही बोलतो. गाडीला दिशा लावण्याआधी तालुका विचारून घ्यायचाच. नावावरून एकापेक्षा जास्त गावं निघाली की "फोन करून विचारा" अशी खूण लागलीच पाहिजे, मग त्यातलं एक कितीही शक्य वाटो.

पिन कोड कुणी सांगितला तर सोनं. सांगली ४१६४१६, मिरज ४१६४१०, तासगाव ४१६३१२. गाव आणि पिन एकमेकांना धरून असतील तर दोन्ही पक्के. पण रात्री विहिरीवरून बोलणारा माणूस पिन कशाला सांगेल!

१५ फेब्रुवारी, शनिवार

वेळा. "पावणेसात"चं मजकुरात "पाहुणे सात" होतं. अंकाच्या लगेच आधी "पाहुणे" आलं आणि पुढे "ला", "वाजता" असं काही असेल, तर तो पावणे. इथे खात्रीनं बदलता येतं.

गळालेला "साडे" जास्त वाईट, कारण मागे काही राहतच नाही. "सकाळी साडेसहाला या"चं "सकाळी सहाला या" होतं आणि वाक्य अगदी व्यवस्थित दिसतं. प्रत्येक शब्द कधी सुरू झाला आणि कधी संपला, त्या सेकंदांकडे बघितल्यावर वाट सापडली. एका निरोपात "सकाळी" १४.२ सेकंदांना संपत होतं आणि "सहाला" १४.९ ला सुरू होत होतं. त्या माणसाच्या बाकीच्या शब्दांत एवढं अंतर कुठेच नव्हतं. तो तुकडा ऐकला, तर मोटारसायकलच्या आवाजाखाली "साडे" ऐकू आलं. आता वेळेच्या आकड्याआधी असं भोक दिसलं की प्रोग्रॅम "ऐकून पाहा" अशी खूण करतो आणि ध्वनीचा तेवढाच तुकडा पुढे ठेवतो.

अशी मधली खूण आता बाकीच्या ठिकाणीही लावली. वहिनींचा फोन करण्याचा वेळ वाचतो आणि शेतकऱ्यालाही परत परत त्रास होत नाही. खुणा तीन झाल्या : "पक्का", "ऐकून पाहा", "फोन करून विचारा". ऐकूनही शंका राहिली, तरच तिसरी.

दिवसांचं वेगळं. "परवा" म्हणजे होऊन गेलेलाही आणि येणाराही. "परवा तुमचा फिटर येऊन गेला" आणि "परवा या" यांत क्रियापदावरून समजतं. क्रियापद विस्कटलं असेल तर विचारायचं. "सात-आठ वाजता" ही वेळ सातही नाही आणि आठही नाही, तो अंदाज आहे, तो तसाच लिहायचा. एक टोकाची वेळ काढून ती नक्की असल्यासारखी दाखवू नये.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जुन्या निरोपांतला एक पूर्ण घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवला. निरोप रात्री १२ वाजून २० मिनिटांनी आलेला. मजकूर असा :

"नमस्कार साहेब कवठे एकंदर वरनं बोलतोय मोटार पाणी उचलना उद्या सकाळी पाहुणे सात ला या कॅनॉल जवळ माळी मला मुलाचा दोन नंबर घ्या अठ्ठ्याण्णव •• पंचावन्न डबल तीन एक्केचाळीस"

"दोन नंबर" हा "फोन नंबर"चा मोडका भाग; तो दोन धरला असता तर नंबर दोनने सुरू झाला असता आणि आकडे अकरा भरले असते. तो सोडला की दहा भरतात : ९८, झाकलेले दोन, ५५, ३३, ४१. पहिलं अठ्ठ्याण्णव जागेमुळे पक्कं. मधलं पंचावन्न घोळाच्या जोडीतलं. आलेला नंबर पूर्ण वेगळा, म्हणजे बोलणारे वडील आणि दिलेला नंबर मुलाचा. ताडायला काही नाही. तुकडा वहिनींनी आणि मी दोघांनी ऐकला. त्यांना पंचाण्णव वाटलं, मला पंचावन्न.

वेळ पावणेसात. पण "उद्या" कुठला? तारीख बारा वाजता बदलली, माणसाचा दिवस मात्र झोपून उठल्यावर बदलतो. रात्री साडेबाराला विहिरीवर उभा असलेला माणूस "उद्या सकाळी" म्हणतो ते अवघ्या सहा तासांवर आलेल्या सकाळीबद्दल. कॅलेंडरनं धरलं तर फिटर एक दिवस उशिरा पोचतो. मध्यरात्र ते पहाटे चार या वेळेतल्या "उद्या"ला प्रोग्रॅम आता आजची तारीख लावतो आणि शिवाय विचारण्याची खूणही.

प्रोग्रॅमनं काढलेल्या यादीत तो निरोप असा दिसतो :

```
नंबर  ९८ •• [५५/९५] ३३ ४१    फोन करून विचारा
गाव   कवठे [एकंद?]            फोन करून विचारा
जागा  कॅनॉलजवळ, माळी मळा      पक्का
वेळ   आज? ६:४५                फोन करून विचारा
फोन लावायचा : आलेल्या नंबरावर
```

जॉब कार्डावर नंबरात ९५ आहे, गाव कवठेएकंद, फिटर गेला त्याच दिवशी. वहिनींचा कान माझ्यापेक्षा तयार आहे. तरीही खूण "फोन करून विचारा"चीच राहील : दोन माणसांना दोन वेगळं ऐकू आलं, तर त्या तुकड्यात उत्तर नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वरच्या निरोपाला आणखी एक बाजू आहे. दुकान नऊला उघडतं आणि वेळ पावणेसातची. यादी नऊला बघून काय उपयोग? प्रोग्रॅम आता पहाटे साडेपाचला चालतो. भेटीची वेळ दुकान उघडण्याआधीची असेल तर ती ओळ सगळ्यात वर येते आणि अण्णांच्या मोबाईलवर जाते. अण्णा पाचला उठतात आणि शेतकरीही त्या वेळी जागा असतो, त्यामुळे सहाला फोन लावायला दोघांची हरकत नाही. बाकीचे फोन वहिनी नऊनंतर करतात. क्रम निरोप आल्याचा नाही, भेटीच्या वेळेचा.

फोनवर काय बोलायचं ते वहिनींबरोबर बसून ठरवलं. "तुमचा नंबर असा असा, बरोबर ना?" असं विचारलं की घाईतला माणूस "हो हो" म्हणतो आणि चूक जशीच्या तशी राहते. म्हणून शंकेची गोष्ट आपण वाचून दाखवायची नाही, त्यांच्याकडून वदवून घ्यायची. "मुलाचा नंबर एकेक आकडा सांगा." "गाव कुठलं आणि तालुका कुठला?" "आज येऊ की उद्या, वार सांगा." एकेक आकडा सांगितला की पंचाण्णव-पंचावन्नचा घोळच राहत नाही, कारण नऊ आणि पाच कानाला वेगळे लागतात. यादीत प्रत्येक खुणेपुढे हा प्रश्न छापून येतो. पक्क्या गोष्टी फोनवर काढायच्याच नाहीत. लोकांना रात्री एकदा सांगून झालेलं असतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजच्या निरोपांवर चालू. वहिनींची वही महिनाभर बरोबरीनं चालू राहील आणि आठवड्याच्या शेवटी दोन्ही ताडायच्या. मला बघायचे आहेत ते "पक्का" म्हणून आलेले आणि तरी चुकलेले. तेच फिटरला भलत्या गावी नेतात. विनाकारण लागलेल्या खुणांचं नुकसान एका फोनएवढं.

एक प्रकार सुटलेला नाही. फोन करणाऱ्याचा नंबर यंत्रात आलेला नसतो आणि बोललेल्या नंबरात घोळाची जोडी असते. अशा वेळी दोन्ही शक्य नंबर लावून बघावेत, असं मी सुचवलं. अण्णा नको म्हणाले : त्यातला एक नंबर अनोळखी माणसाचा, आणि त्याला दुसऱ्याच्या शेताची माहिती कळते. त्यांचं पटलं. असा निरोप "थांबलेला" म्हणून वेगळा ठेवायचा आणि गाव कळत असेल तर वहिनी जुन्या जॉब कार्डांत त्या गावाचं, त्या मळ्याचं गिऱ्हाईक शोधतील. कार्डं अजून कागदावर आहेत. ती गाव आणि मळ्यानुसार संगणकावर चढवायला उद्यापासून घेतोय, सुरुवात तासगाव तालुक्यापासून.